जुन्या गल्लीच्या फोटोतून कुंड्या, पाट्या, बाकडी काढताना : फरशीची ओळ आणि भिंतीचा थर कसा जुळवायचा

पैठणच्या जुन्या गावात गोदावरीच्या घाटाकडे उतरणारी एक गल्ली आहे. उजव्या हाताला वाड्याची लांबलचक भिंत आहे. खाली घडीव काळ्या दगडाचे थर आणि वर चुन्याचा गिलावा, तोही जागोजागी सुटलेला. डावीकडचा वाडा पडून गेलाय, त्यामुळे सकाळचं ऊन थेट उजव्या भिंतीवर येतं. खाली काळ्या दगडाच्याच फरशा आडव्या ओळींनी बसवल्या आहेत. जानेवारीतल्या एका सकाळी साडेनऊच्या सुमारास मी तिथं फोटो काढला. त्यात भिंतीला टेकून एक सिमेंटचं बाकडं होतं, त्याच्या पुढे लोखंडी स्टँडवर ओल्या आणि सुक्या कचऱ्याच्या हिरव्या-निळ्या दोन कुंड्या होत्या, आणि आणखी पुढे पाइपवर उभी केलेली पत्र्याची दिशादर्शक पाटी.

या तीन गोष्टी फोटोतून काढणं सोपं वाटतं. क्लोन स्टॅम्प घेतला, शेजारचा दगड उचलून कुंडीवर फासला, दहा मिनिटांत कुंडी गायब होते. पण तिच्या जागी फरशीच्या सांध्याला बाक येतो, भिंतीचा थर दोन बोटं खाली सरकतो आणि भिंत जमिनीला जिथं टेकते तिथं धुरकट पट्टा राहतो. पाहणाऱ्याला चूक नेमकी सांगता येत नाही, पण त्याची नजर तिथंच अडते. कारण अशा गल्लीत दगडाच्या रंगापेक्षा रेषा जास्त बोलतात. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी रेषा, मग दगड, मग सावली आणि सगळ्यात शेवटी भिंत-जमिनीची टेक.

मी फोटोशॉपवर काम करतो. खालची बटणं विंडोजची आहेत. मॅकवर `Ctrl` ऐवजी `Cmd` आणि `Alt` ऐवजी `Option` धरा.

जागेवर असतानाच करायचं काम

जी वस्तू हलवता येते ती आजूबाजूच्यांना विचारून हलवावी. फोटो झाला की पुन्हा जागेवर ठेवावी. पैठणला कुंड्यांचं स्टँड फरशीत गाडलेलं होतं आणि बाकडं दोघांनी उचलण्यासारखं नव्हतं, म्हणून पुढचा सगळा खटाटोप.

हलत नसेल तर मुख्य फोटो झाल्याबरोबर, ऊन बदलायच्या आत, दहा मिनिटांत काही जादा फ्रेम घ्याव्यात. कुंडीच्या डावीकडून आणि उजवीकडून वाकून घ्या, म्हणजे मागची भिंत तुकड्यातुकड्यानं मिळते. भिंतीसमोर सरळ उभं राहून एक फ्रेम घ्या. फरशीची जवळून एक घ्या. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स मुख्य फोटोचाच ठेवा. या फ्रेम कुठं छापायच्या नसतात, पण कुंडीमागे खरोखर काय आहे ते त्यांच्यावरूनच कळतं. त्या नसतील तर मागचा दगड तुम्ही मनानं रचत असता. या लेखाच्या शेवटी मला हेच भोवलेलं दिसेल.

आधी लेन्सचा बाक काढा

मोबाइलच्या किंवा रुंद लेन्सच्या फोटोत कडेच्या सरळ रेषा किंचित फुगतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण पुढे आपण सरळ पट्टीनं रेषा ओढणार आहोत. सांधा वाकडा आणि पट्टी सरळ असेल तर पुढचं काही जुळणार नाही. फोटो रॉ असेल तर कॅमेरा रॉमध्ये उघडताना `Optics` मध्ये लेन्सचं प्रोफाइल लावा. जेपीईजी असेल तर `Filter > Lens Correction` वापरा. मग भिंतीच्या एखाद्या लांब थरावर रेषा ठेवून बघा. सुरुवात, मध्य आणि शेवट या तिन्ही ठिकाणी ती थराला चिकटली पाहिजे.

कॉन्ट्रास्ट, क्लॅरिटी, शार्पनिंग मात्र आता करू नका. त्यांनी सांध्यांच्या कडेला उजळ किनार तयार होते. ती किनार दगडाबरोबर उचलली जाते आणि नव्या जागी ठिगळासारखी दिसते.

रेषांचा लेअर, आणि उताराची मेख

सगळ्यात वर एक रिकामा लेअर घ्या, त्याला ‘रेषा’ नाव द्या आणि लाइन टूलनं लाल रंगाच्या बारीक रेषा ओढा. भिंतीच्या थरांवरून तीन-चार रेषा मागे वाढवत न्या. त्या एका बिंदूत मिळतील. मी त्याला मिलनबिंदू म्हणतो. मग फरशीचे जे सांधे गल्लीच्या लांबीनं जातात, त्यांच्यावरून दुसऱ्या रंगानं तशाच रेषा ओढा.

सपाट रस्त्यावर दोन्ही बिंदू एकच येतात. उतरत्या गल्लीत येत नाहीत. गवंडी थर लावतो तो पाणसळीत, आडवा. फरशी मात्र उताराबरोबर खाली जाते. त्यामुळे भिंतीचा मिलनबिंदू डोळ्याच्या पातळीवर राहतो आणि फरशीचा त्याच्या खाली येतो. माझा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा आहे. त्यात वरून मोजलं तर भिंतीचा बिंदू १९८० पिक्सेलवर आला आणि फरशीचा २३१० वर. ३३० पिक्सेलचा हा फरक. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटरची लेन्स असल्यानं तो साधारण बाराला एक उतार होतो, आणि गल्लीतून चालताना पोटऱ्यांना तेवढाच जाणवतो.

हा फरक लक्षात आला नाही तर एक विशिष्ट चूक होते. कुंडीच्या जागी रचलेली फरशी भिंतीच्या बिंदूकडे धावते. म्हणजे गल्ली उतरत असताना तेवढाच तुकडा सपाट होतो आणि वर उचलल्यासारखा दिसतो. घाटाकडे उतरणाऱ्या गल्ल्या असोत की किल्ल्याच्या चढावरच्या, हे दोन बिंदू वेगळे काढल्याशिवाय मी ब्रशला हात लावत नाही.

आता आडवे सांधे. फरशीच्या ओळी सारख्या रुंदीच्या असल्या तरी फोटोत लांबच्या ओळी अरुंद होत जातात. कुंडीखाली झाकलेला सांधा नेमका कुठं येतो हे अंदाजानं ठरवू नका, तिरक्या रेषेनं काढा. जवळचा एक दिसणारा आडवा सांधा आणि त्याच्या पुढचा दुसरा घ्या. दोन्ही बाजूंना लांबीच्या दोन रेषा आहेतच. त्या दोन रेषांच्या मधोमध, पहिल्या सांध्याच्या मध्यावरून फरशीच्या मिलनबिंदूकडे आणखी एक रेषा ओढा. मग पहिल्या सांध्याचं डावं टोक आणि दुसऱ्या सांध्याचा मध्य जोडून ती तिरकी रेषा तशीच पुढे न्या. ती उजव्या रेषेला जिथं छेदेल तिथून तिसरा सांधा जातो. हेच पुन्हा केलं की चौथा मिळतो. कुंडीच्या पलीकडे जो सांधा प्रत्यक्ष दिसतोय त्याच्यावर तुमची काढलेली रेषा बसली तर मधल्या सगळ्या बरोबर आहेत.

माझ्या फोटोत ती चार पिक्सेलनं चुकली. जुन्या हाताच्या कामात तेवढं चालतं. ती चूक मी मधल्या तीन ओळींत वाटून टाकली. चूक वीस-तीस पिक्सेलची आली तर समजा की मध्ये कधीतरी फरशी उखडून पुन्हा बसवली आहे आणि ओळी सारख्या नाहीत. तिथं हे गणित सोडा आणि जादा फ्रेममध्ये दिसतं तेच खरं माना.

जमीन : व्हॅनिशिंग पॉइंट वापरून

साधा क्लोन स्टॅम्प दगड जसाच्या तसा उचलतो. पुढे जाताना दगड लहान व्हायला हवा, हे त्याला कळत नाही. `Edit > Content-Aware Fill` गवत, खडी, गिलावा यांना चांगलं चालतं, पण सांध्यांच्या ओळी त्याच्याकडून तुटतात. फरशीसाठी `Filter > Vanishing Point` हेच साधन.

आधी ‘जमीन’ नावाचा रिकामा लेअर करा, तोच निवडलेला ठेवा आणि मग फिल्टर उघडा. म्हणजे मूळ फोटोला धक्का न लागता काम या लेअरवर उतरतं. क्रिएट प्लेन टूलनं फरशीवर चार कोपरे टिचका. हे कोपरे खऱ्या सांध्यांच्या छेदांवर ठेवा आणि चौकट जितकी मोठी घेता येईल तितकी घ्या. लहान चौकटीतली दोन पिक्सेलची चूक लांबवर गेल्यावर वीस पिक्सेलची होते. जाळी निळी झाली तर ठीक. पिवळी किंवा लाल झाली तर कोपरे पुन्हा जुळवा.

या फिल्टरमध्ये एका जाळीची कड `Ctrl` धरून ओढली की तिला काटकोनात दुसरी जाळी फुटते. सपाट रस्त्यावर भिंतीतून जमीन अशीच काढतात. उतरत्या गल्लीत असं करू नका. भिंतीच्या थरांवर बेतलेल्या जाळीच्या खालच्या कडेतून निघालेली जमीन सपाट असेल, आपली फरशी उतरती आहे. जमिनीची जाळी वेगळी काढा, भिंतीची वेगळी.

आता स्टॅम्प टूल घ्या. `Alt` धरून उचलायची जागा टिचकताना ती दोन सांध्यांच्या छेदावरच टिचका आणि लावताना पहिला ठिपकाही अशाच छेदावर ठेवा. पहिला ठिपका बसला की पुढचे सांधे आपोआप बसतात. ब्रशची कड मध्यम कडक ठेवा, साठ-सत्तर टक्के. मऊ ब्रशनं सांधा पुसट होतो आणि तो पुसट पट्टा लांबूनही ओळखू येतो. `Heal` हा पर्याय आधी `Off` ठेवा. तो `On` असताना शेजारी गडद वस्तू असेल तर तिचा काळपट रंग दगडात ओढला जातो. कुंडी झाकून झाल्यावर दोन तुकड्यांच्या उजेडात फरक दिसला तरच `Luminance` वर एखादा हात फिरवा.

दगड नेहमी जवळचा उचलून लांब लावावा. जवळचा दगड लांब नेला की तो लहान होतो आणि तपशील टिकतो. लांबचा दगड जवळ आणला की मोठा होतो, मऊ पडतो आणि बाजूच्या खरखरीत दगडांत मेणाचा वाटतो. माझ्या कुंड्या कॅमेऱ्यापासून सुमारे ६ मीटरवर होत्या आणि फोटोत साधारण ६५० पिक्सेल उंच. त्यांच्यासाठी फरशी मी बाकडं आणि कुंड्या यांच्या मधल्या पट्ट्यातून घेतली. बाकडं त्याहून जवळ होतं, म्हणून त्याची फरशी थेट फोटोच्या खालच्या कडेजवळून आणली.

एकच दगड दोनदा दिसू नये म्हणून बरेच जण तुकडा आडवा उलटवतात. ढगाळ दिवशी ते खपतं. तिरप्या उन्हात खपत नाही. माझ्या गल्लीत ऊन डावीकडून, समोरच्या बाजूनं येत होतं. प्रत्येक दगडाची डावी, पलीकडची कड उजळ आणि उजवी, आपल्या बाजूची काळी. टाकीच्या घावांनाही तोच न्याय. दगड उलटवला की त्याचा उजेड उलट्या बाजूनं येतो, आणि शंभर दगडांत तो एक खड्ड्यासारखा दिसतो. म्हणून उलटवायचं नाही. तीन-चार वेगवेगळ्या जागांहून थोडं थोडं घ्यायचं. चुन्याचा डाग, तुटलेला कोपरा, पानाची पिंक अशी ओळखीची खूण असलेला दगड मुळात उचलायचाच नाही.

फोटोशॉप नसेल तर गिम्पमध्ये `Perspective Clone` आहे. आधी त्यातल्या `Modify Perspective` नं चौकट सांध्यांवर बसवायची, मग `Ctrl` धरून जागा उचलायची. रेषांचं वरचं सगळं काम तसंच लागू होतं.

भिंत

‘भिंत’ हा पुन्हा वेगळा लेअर आणि वेगळी जाळी. चुन्याच्या गिलाव्याचा भाग सोपा आहे. घडीव दगडाच्या थरांना मात्र नीट बघावं लागतं, कारण थर सारख्या उंचीचे नसतात. एक जाडा, एक पातळ, मध्येच एखादा अर्धा. पाटीच्या डावीकडे कोणता थर आहे आणि तोच उजवीकडे कुठं निघतो, हे आधी रेषांच्या लेअरवर आकडे घालून लावून घ्या. वरून पहिला, दुसरा, तिसरा. डावीकडचा तिसरा उजवीकडच्या चौथ्याला जोडला गेला तर रंग कितीही जुळला तरी भिंत मोडलेली दिसते.

उभ्या सांध्यांचा नियम गवंड्याचाच. वरच्या सांध्याखाली सांधा येऊ द्यायचा नाही. क्लोन करताना एकाच जागेतून दोन थर उचलले की उभे सांधे एकाखाली एक येऊन बसतात. जुन्या चांगल्या भिंतीत असं कुठंच नसतं, म्हणून ते लगेच खटकतं. मी प्रत्येक थर वेगळा उचलतो, खालचा थर अर्धा दगड सरकवून. दगडांमधल्या दर्जाचा, म्हणजे फटीत भरलेल्या मालाचा, रंगही बघावा लागतो. अलीकडे सिमेंटनं भरलेला दर्जा राखाडी आणि सपाट असतो. चुन्याचा पिवळसर, आत गेलेला, कडा झिजलेला. दोन्ही एकाच भिंतीत असतील तर आपण रचतो तो भाग कोणत्या पट्ट्यात येतो ते ठरवूनच दर्जा उचलावा.

भिंतीसमोरून घेतलेली जादा फ्रेम इथं कामाला येते. ती उघडून हवा तेवढा भाग निवडा, `Ctrl+C` करा, मग मुख्य फोटोत ‘भिंत’ लेअर निवडून व्हॅनिशिंग पॉइंट उघडा आणि `Ctrl+V` करा. तुकडा ओढून जाळीवर नेला की तो भिंतीच्या तिरकेपणात आपोआप बसतो. ट्रान्सफॉर्म टूलनं लहानमोठा करून त्याचे थर आपल्या आकड्यांवर जुळवा. पाटीमागचा जवळजवळ सगळा भाग मला असा खरा मिळाला.

कुंड्यांच्या चकचकीत प्लॅस्टिकनं मागच्या दगडावर हिरवट झाक टाकली होती. कुंडी गेली तरी तिच्या बाजूला ती झाक उरते. वर एक लेअर घेऊन त्याचा ब्लेंड मोड `Color` करा, शेजारच्या स्वच्छ दगडाचा रंग उचला आणि मऊ ब्रशनं वीस-तीस टक्क्यांनी फिरवा. दगड तोच राहतो, झाक जाते.

सावली

वस्तू गेली आणि सावली राहिली, ही सर्रास दिसणारी चूक. कुंड्यांची सावली फरशीवर आपल्या बाजूला पडली होती आणि तिथून भिंतीवर चढली होती. तिच्याखालचा दगड मात्र कॅमेऱ्यानं टिपलेला आहे. तो खरा आहे, म्हणून त्याच्यावर दुसरा दगड चढवायच्या आधी त्याला उजेडात आणून बघावं.

सावलीच्या कडेनं कापला गेलेला एक दगड शोधा, अर्धा उन्हात आणि अर्धा सावलीत. आयड्रॉपर `5 by 5 Average` वर ठेवून `Info` पॅनेलमध्ये दोन्हीकडचे आकडे वाचा. माझ्याकडे उन्हातला भाग लाल १४२, हिरवा १३४, निळा १२२ होता. सावलीतला ६१, ६३, ६६. सावलीत ऊन पोचत नाही, फक्त आकाशाचा उजेड पोचतो, म्हणून ती निळसर असते. नुसतं उजळ केलं तर निळा डाग उरतो. त्यासाठी `Curves` चा ॲडजस्टमेंट लेअर घेऊन तिन्ही रंग वेगवेगळे उचलायचे. `Red` मध्ये ६१ ला १४२ वर न्या, `Green` मध्ये ६३ ला १३४ वर, `Blue` मध्ये ६६ ला १२२ वर. मास्क काळा करून फक्त सावलीवर पांढऱ्या ब्रशनं उघडा. सावली वस्तूच्या पायाशी रेखीव असते आणि लांब जाईल तशी तिची कड पसरते, त्यामुळे ब्रशची कडही तशीच बदलत जावी लागते.

एवढं करूनही कडेला एक बारीक उजळ किंवा गडद रेघ राहतेच. तेवढीच रेघ क्लोननं मिटवा.

या पद्धतीची मर्यादाही आहे. सावलीतल्या दगडावर तिरपं ऊन नव्हतं, म्हणून टाकीचे घाव उठून दिसत नाहीत आणि उजळलेला भाग थोडा सपाट वाटतो. लांबच्या फरशीवर हे कळत नाही. जवळच्या फरशीवर कळतं. तिथं मी उजळलेल्या भागातून सांध्यांच्या खऱ्या जागा घेतो आणि सांध्यांच्या आतल्या दगडावर शेजारच्या उन्हातल्या दगडाचा पोत चढवतो. फोटो आठ बिटचा जेपीईजी असेल आणि सावली फार काळी असेल तर उजळल्यावर ठिपके आणि चौकोनी चट्टे दिसतात. तसं झालं की हा मार्ग सोडा आणि सगळी जागा जाळीवरूनच रचा.

भिंत जमिनीला टेकते ती कड

इथं घाई केली तर आधीचं सगळं वाया जातं. जमीन आणि भिंत वेगवेगळ्या लेअरवर झाली की दोघांच्या मध्ये चाकूनं कापल्यासारखी रेघ तयार होते. खरी भिंत अशी टेकत नाही. पावसाच्या शिंतोड्यांनी खालचा वीतभर दगड मळका झालेला असतो, कडेला माती साचलेली असते, एखादी गवताची काडी असते, आणि अगदी टेकेपाशी गडद फट असते, कारण तिथं उजेड पोचत नाही.

‘टेक’ नावाचा आणखी एक लेअर सगळ्यांच्या वर घ्या. साधा क्लोन स्टॅम्प, `Sample` मध्ये `Current & Below`. शेजारी जिथं ही टेक उघडी दिसते तिथून भिंत आणि जमीन दोन्ही येतील असा पट्टा उचला आणि त्याच कडेवर सरकवत न्या. कडेची रेषा फरशीच्या मिलनबिंदूकडे जाते, थरांच्या नाही. म्हणून उतारावर खाली जाल तसा जोत्याचा जास्त भाग उघडा पडतो. कुंडीच्या अलीकडे जोत्याचे तीन थर दिसत असतील तर पलीकडे साडेतीन दिसणं बरोबर आहे. तिथंही तीनच दिसत असतील तर कड थरांना समांतर गेली आहे, ती परत करा.

पट्टा थोडा लहान करावा लागला तर `Clone Source` पॅनेलमध्ये रुंदी-उंची नव्वद टक्के करून बघा. स्टँडचे पाय जिथं गाडलेले होते तिथं फरशीवर गंजाचे तांबूस ओघळ होते. तेही विसरू नका. वस्तू गेली की तिचा डाग निराधार दिसतो.

तपासणी

सगळ्यात वर एक तात्पुरता `Curves` लेअर घालून त्याची रेषा दोन-तीनदा वरखाली अशी नागमोडी करा. फोटो भेसूर दिसेल, पण रचलेला भाग वेगळ्या पट्ट्यानं उठून आला तर उजेड जुळलेला नाही. मग तो लेअर बंद करून फोटो पंचवीस टक्क्यांवर बघा. शंभर टक्क्यांवर पोताच्या चुका दिसतात, पंचवीसवर रेषांच्या. मग `Image > Image Rotation > Flip Canvas Horizontal` करून आरशातल्यासारखा बघा. सवयीनं सुटलेला मोडलेला थर तिथं सापडतो. पाहून झालं की परत उलटवायचं. रचलेल्या भागात दाणा कमी वाटला तर तेवढ्यापुरता एक-दोन टक्के नॉइज घाला, आणि शार्पनिंग आता सगळ्या फोटोला एकदमच करा.

काय काढायचं याचीही एक हद्द मी पाळतो. कुंडी, बाकडं, पत्र्याची पाटी या वरून ठेवलेल्या वस्तू आहेत. दारावरची जुनी संगमरवरी नावाची पाटी, भिंतीतली देवळी, पाण्याची दगडी डोणी, ओट्याला पडलेली भेग हे गल्लीचं अंग आहे, त्याला हात लावत नाही. फोटो जतनाच्या किंवा मोजमापाच्या कामासाठी मागितला असेल तर मूळच देतो. बाकी ठिकाणी फोटोखाली ‘कुंड्या, बाकडं आणि पाटी काढली आहे’ एवढी ओळ टाकतो. फाइल पीएसडीमध्ये ठेवतो. व्हॅनिशिंग पॉइंटच्या जाळ्या तिच्यात राहतात आणि महिन्यानं दुरुस्ती निघाली तर पुन्हा आखाव्या लागत नाहीत.

अशी दुरुस्ती मला करावी लागलीच. फोटोची प्रत घेऊन मी त्या वाड्यातल्या आजींना द्यायला गेलो. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि बाकडं होतं तिथं बोट ठेवलं.

“हितं मोरी हाय की, दादा. बाकड्याच्या मागं. वाड्यातलं पाणी तिथून तर निघतंय. ती कुठं गेली?”

बाकड्यामागची जादा फ्रेम मी घेतली नव्हती. बाकडं खाली मोकळं होतं, त्यातून थोडी भिंत दिसत होती, ती पुरेल असं मी धरलं होतं. मी तिथं सरळ थर रचले होते. सगळ्या तपासण्यांतून ते सहज पार झाले होते, आणि तरीही ते खोटे होते. मी बाहेर जाऊन बाकड्यामागे वाकलो. खालून दुसऱ्या थरात एका दगडाला खोबण कोरून केलेलं मोरीचं तोंड होतं, आणि त्याच्याखाली फरशीत बोटभर खोल पन्हळ झिजलेली होती. मी उंची-रुंदी मोजली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला, तशाच उन्हात, बाकड्यामागून तीन फ्रेम घेतल्या. घरी येऊन जुनीच जाळी उघडली. मोरी आपल्या थरात बसवली. पन्हळ मात्र आडव्या सांध्यांना कापून तिरपी उतारानं जात होती. ती जाळीवर नीट बसेना, म्हणून साध्या क्लोननं, सांध्यामागून सांधा मोजत हातानं काढली.